मागणीजन्य की खर्चजन्य? १९७२ ते १९७५ या काळातील भारतीय भाववाढीच्या निदानाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पदवी स्तरावरील अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात भाववाढीचे दोन प्रकार शिकविले जातात. एकूण मागणी उत्पादनक्षमतेच्या पुढे गेल्यामुळे किमती वर ओढल्या जातात, तेव्हा तिला मागणी-ताणजन्य भाववाढ म्हणतात. उत्पादनखर्च वाढल्यामुळे किमती खालून वर ढकलल्या जातात, तेव्हा ती खर्च-दाबजन्य भाववाढ होय. प्रस्तुत लेखात या दोहोंना अनुक्रमे मागणीजन्य आणि खर्चजन्य असे म्हटले आहे. या व्याख्या विद्यार्थ्यांना पाठ असतात आणि आलेखही काढता येतात. मात्र एखादी प्रत्यक्ष घटना समोर ठेवून ही भाववाढ यांपैकी कोणती, असे विचारले की बहुतेक उत्तरे कारणांची यादी देऊन थांबतात. १९७३-७४ च्या भारतीय भाववाढीविषयी तर 'खनिज तेलाचे भाव चौपट झाल्यामुळे' हे एकच कारण सर्रास लिहिले जाते.

हे उत्तर कितपत टिकते, हे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी १९७२ ते १९७५ हा काळ निवडला आहे. स्वातंत्र्योत्तर भारतातील ही सर्वांत तीव्र भाववाढ होती. तिच्या निदानावर उपाय अवलंबून होता आणि उपायाचा भार कोणावर पडणार हेही त्या निदानावरच ठरणार होते. दोष मागणीत आहे असे मानले तर लोकांच्या हातातील पैसा आवळणे क्रमप्राप्त होते. दोष पुरवठ्यात आहे असे मानले तर धान्य आणि माल उपलब्ध करून देणे हाच मार्ग उरत होता.

संज्ञांमधील दोन अडचणी

पहिली अडचण मराठी परिभाषेतीलच आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'चलनवाढ' हा शब्द रूढ आहे. त्याचा शब्दशः अर्थ चलनाच्या परिमाणात झालेली वाढ असा होतो. म्हणजे 'खर्चजन्य चलनवाढ' असे लिहिताना आपण परिणामाच्या नावातच एक कारण गृहीत धरतो आणि मग दुसऱ्याच कारणाचे विशेषण त्याला जोडतो. निदान करायचे असेल तर कारणाविषयी तटस्थ असलेला 'भाववाढ' हा शब्द अधिक सोयीचा ठरतो. म्हणून या लेखात सर्वत्र तोच वापरला आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. एका उत्पादकाचा खर्च ही दुसऱ्या विक्रेत्याची किंमत असते. कापूस महागला म्हणून कापड महागले, असे गिरणीमालक सांगतो आणि ते खरेही असते. परंतु कापूस का महागला, हा प्रश्न त्यामुळे फक्त एक पायरी मागे सरकतो. भाववाढ कोणत्याही कारणाने झालेली असो, प्रत्येक उत्पादकाचा अनुभव 'माझा खर्च वाढला' असाच असतो. त्यामुळे खर्च वाढल्याचा पुरावा हा भाववाढ खर्चजन्य असल्याचा पुरावा ठरत नाही. विद्यार्थ्यांची उत्तरे बहुतांशी येथेच फसतात.

या ठिकाणी पोलिश अर्थशास्त्रज्ञ मायकेल कालेकी यांनी केलेला भेद उपयोगी पडतो. अन्नधान्य आणि कच्चा माल यांचा पुरवठा अल्पकाळात वाढविता येत नाही. त्यामुळे त्यांच्या किमती बाजारातील मागणी आणि उपलब्ध साठा यांच्या मेळातून ठरतात. कारखान्यातील पक्क्या मालाची किंमत मात्र उत्पादक खर्चावर काही टक्के नफा चढवून ठरवितो. भारतासारख्या देशात धान्याच्या तुटीने सुरू झालेली दरवाढ महागाई भत्त्याच्या वाटेने कारखान्यात पोहोचते आणि तेथे तिला खर्चाचे रूप येते. म्हणून नुसत्या कारखान्यातील किमती पाहून निदान करता येत नाही. साखळीचा पहिला दुवा शोधावा लागतो.

निदानाच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी कालक्रमाची आहे. सांगितलेले कारण किमती वाढू लागण्याच्या आधी घडले होते काय, हे तारखांनिशी पाहावे. दुसरी कसोटी किंमत आणि परिमाण एकत्र पाहण्याची आहे. किमतीबरोबर उत्पादनही वाढत असेल तर ओढ मागणीची असण्याचा संभव अधिक असतो. किमती वाढत असताना उत्पादन घटत असेल तर पुरवठा आक्रसल्याचे ते लक्षण असते. तिसरी कसोटी उताराची आहे आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. भाववाढ कधी थांबली आणि त्या वेळी नेमके काय बदलले होते, खर्च की मागणी, हे पाहावे. चढणीच्या वेळी अनेक कारणे एकत्र येतात. उताराच्या वेळी मात्र त्यांतील काही मागे हटलेली असतात, तर काही तशीच राहिलेली असतात.

दुसऱ्या कसोटीचे एक स्वच्छ उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडते. ब्रिटनने भारतात केलेल्या युद्धखर्चाच्या बदल्यात लंडनमध्ये पौंडांची शिल्लक जमा होत होती आणि तिच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे नोटा छापत होती. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा प्रचारात होत्या. १९४५ पर्यंत हा आकडा १,१०० कोटींच्या पुढे गेला. या काळात गिरण्या जादा पाळ्यांत चालत होत्या. किमती आणि कारखानदारी उत्पादन दोन्ही वाढत होती आणि त्यांच्यापुढे पैसा धावत होता. मुंबई विद्यापीठातील प्रा. सी. एन. वकील यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द फॉलिंग रुपी' या पुस्तकात या भाववाढीचे मूळ चलनविस्तारात असल्याचे दाखविले. तीन दशकांनंतरचे चित्र इतके सरळ नव्हते.

१९७२ ते १९७५: आकड्यांची मांडणी

खालील तक्त्यात घाऊक किंमत निर्देशांकाची वार्षिक सरासरी (१९७०-७१ = १००) आणि अन्नधान्याचे उत्पादन शेजारी शेजारी दिले आहे. कंसातील आकडे आधीच्या वर्षाच्या तुलनेत झालेला टक्केवारीतील बदल दर्शवितात.

| वर्ष | घाऊक किंमत निर्देशांक | अन्नधान्य उत्पादन (दशलक्ष टन) |
|---|---|---|
| १९७०-७१ | १००.० | १०८.४ |
| १९७१-७२ | १०५.६ (+५.६) | १०५.२ (−३.०) |
| १९७२-७३ | ११६.२ (+१०.०) | ९७.० (−७.८) |
| १९७३-७४ | १३९.७ (+२०.२) | १०४.७ (+७.९) |
| १९७४-७५ | १७४.९ (+२५.२) | ९९.८ (−४.७) |
| १९७५-७६ | १७३.० (−१.१) | १२१.० (+२१.२) |

तेलाच्या स्पष्टीकरणाला येथे पहिली कसोटी लावून पाहू. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियातील युद्धानंतर तेलाचे भाव वाढू लागले आणि सुमारे ३ डॉलर प्रति पिंप असलेला भाव १ जानेवारी १९७४ पासून ११ डॉलरच्या वर गेला. याचा अर्थ १९७३-७४ या आर्थिक वर्षाचे जेमतेम शेवटचे तीन महिने नव्या भावाखाली गेले. त्यापूर्वीच्या वर्षात निर्देशांक १० टक्क्यांनी चढलेला होता. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त समिती स्थापन झाली ती १९७२ मध्येच. तिचे लाटणे मोर्चे धान्य, साखर, रॉकेल आणि खाद्यतेल यांच्यासाठी होते. थोडक्यात, ज्या भाववाढीने लोक रस्त्यावर आले ती जागतिक तेलसंकटाच्या किमान एक वर्ष आधी सुरू झाली होती. तेल हे तिचे आरंभकारण असू शकत नाही.

मग तेलाचा वाटा किती, हे निर्देशांकाच्या भारांवरून अजमावता येते. त्या वेळच्या निर्देशांकात इंधन, वीज व वंगण या गटाचा भार सुमारे ८.५ टक्के होता. एका वर्षात हा संपूर्ण गट ५० टक्क्यांनी महागला असे धरले, तरी एकूण निर्देशांकात त्यामुळे थेट पडणारी भर ४ टक्क्यांच्या आसपास राहते. १९७४-७५ ची वाढ २५ टक्के होती. खते, वाहतूक यांमार्फत होणारा अप्रत्यक्ष परिणाम यात मिळवावा लागेल, हे खरे. तरीही उरणारी वाढ मोठी आहे आणि तिचे स्पष्टीकरण अन्यत्र शोधणे भाग आहे.

आरंभ: दुष्काळ आणि आधीची ओल

१९७२-७३ या वर्षाला दुसरी कसोटी लावली तर उत्तर स्पष्ट मिळते. किमती १० टक्क्यांनी वाढल्या आणि धान्योत्पादन जवळजवळ ८ टक्क्यांनी घटले. त्या वर्षी देशाचे एकूण राष्ट्रीय उत्पन्नही किंचित घटले. १९७२ च्या पावसाळ्याने दगा दिला होता. महाराष्ट्रात तर आधीच्या दोन वर्षांपासूनच पाऊस अपुरा होता आणि मे १९७३ च्या सुमारास राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. आरंभीचा धक्का पुरवठ्याच्या बाजूचा होता, यात शंका नाही.

परंतु हा धक्का कोरड्या जमिनीवर पडला नव्हता. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि डिसेंबरमध्ये युद्ध झाले. या दोन्हींचा खर्च तुटीच्या अर्थभरण्यातून भागविला गेला. १९७२-७३ आणि १९७३-७४ या दोन्ही वर्षांत जनतेजवळील पैशाचा पुरवठा दरसाल सुमारे १५ टक्क्यांनी वाढत होता, तर राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ त्या मानाने फारच कमी होती. दुष्काळी कामांवरील मजुरीने लाखो कुटुंबे जगली आणि ती दिली जाणे अत्यावश्यकच होते. तथापि धान्य कमी असताना हाती आलेली मजुरी धान्याच्याच मागणीत उतरते, हेही विश्लेषणात नोंदवावे लागते. एकाच घटनेने पुरवठा घटतो आणि तिच्यावरील उपायाने मागणी टिकून राहते. दोन प्रकारांची कप्पेबंद विभागणी प्रत्यक्षात अपुरी का पडते, ते येथे दिसते.

१९७३-७४ चे कोडे

तक्त्यातील सर्वांत विचार करायला लावणारी ओळ १९७३-७४ ची आहे. धान्योत्पादन ८ टक्क्यांनी सुधारले आणि भाववाढ मात्र दुपटीने वाढून २० टक्क्यांवर गेली. घाईने वाचणारा विद्यार्थी येथे किंमत आणि परिमाण दोन्ही वाढले म्हणून भाववाढ मागणीजन्य, असा निष्कर्ष काढील. परंतु शेतीच्या वर्षात आणि आर्थिक वर्षात अंतर असते. १९७३ चे खरिपाचे पीक बाजारात आले ते ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर. एप्रिल ते सप्टेंबर १९७३ हे सहा महिने देश आधीच्या दुष्काळी वर्षाच्या पिकावर आणि आटत चाललेल्या सरकारी साठ्यावर जगत होता. म्हणून किमतीचा आकडा त्या काळात प्रत्यक्ष बाजारात असलेल्या पिकाशी जुळवावा लागतो. तसे केल्यास वर्षाच्या पूर्वार्धातील वाढ पुरवठ्याच्या तुटीशी सुसंगत ठरते.

याच पूर्वार्धात शासनाने एप्रिल १९७३ मध्ये गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःच्या हाती घेतला. शेतकरी आणि व्यापारी यांनी माल मागे ठेवला, खरेदी उद्दिष्टाच्या बरीच खाली राहिली आणि १९७४ मध्ये हे धोरण मागे घ्यावे लागले. म्हणजे किती पिकले एवढेच पाहून भागत नाही, बाजारात किती आले हेही पाहावे लागते. शिल्लक राहतो तो उत्तरार्ध. नवे पीक आले तरी भाव उतरले नाहीत, ते चढतच राहिले. तेलाचा धक्का याच टप्प्यावर आला. त्याच्या जोडीला वाढता पैसा, भाव आणखी चढतील या अपेक्षेने केलेली साठेबाजी आणि निर्देशांकाशी निगडित महागाई भत्त्यामुळे वाढलेला कारखानदारी खर्च ही कारणे एकमेकांत गुंतली. केवळ चढण पाहून त्यांची वाटणी करता येत नाही. त्यासाठी उताराकडे वळावे लागते.

उताराची साक्ष

१९७४ च्या आरंभी प्रा. वकील आणि प्रा. पी. आर. ब्रह्मानंद यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी पंतप्रधानांना एक निवेदन सादर केले. पैशाचा काही भाग गोठविल्याखेरीज भाववाढ आटोक्यात येणार नाही, असे त्याचे सूत्र होते. हे निदान उघडपणे मागणीच्या बाजूचे होते. शासनाने ती योजना जशीच्या तशी स्वीकारली नाही. परंतु त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्याच दिशेने जाणारे वटहुकूम निघाले. वाढीव वेतनाची संपूर्ण आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीने ठेव म्हणून ठेवणे बंधनकारक झाले. वार्षिक १५,००० रुपयांहून अधिक उत्पन्न असलेल्या प्राप्तिकरदात्यांवर सक्तीची ठेव लादली गेली, लाभांशावर मर्यादा आली आणि बँक दर ७ वरून ९ टक्के करण्यात आला. पैशाच्या पुरवठ्याची वाढ १९७४-७५ मध्ये ७ टक्क्यांच्या आसपास उतरली.

या उपायांतील एक बारकावा निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भत्त्याची निम्मी रक्कम कामगाराच्या हाती पडत नव्हती, परंतु मालकाला ती द्यावीच लागत होती. ती ठेवीत जमा होत असे. म्हणजे कारखान्याचा खर्च एक पैनेही कमी झाला नाही. कमी झाली ती कामगाराची क्रयशक्ती. भाववाढ निव्वळ खर्चजन्य असती तर या मार्गाने तिच्यावर थेट परिणाम होण्याचे कारण नव्हते.

पुढे काय झाले? सप्टेंबर १९७४ मध्ये भाववाढीचा वार्षिक दर ३० टक्क्यांच्या पुढे गेला होता. त्या महिन्याच्या अखेरीपासून निर्देशांक उतरू लागला. या वेळी खर्चाच्या बाजूला काय बदलले होते, हे पाहिले तर दिलाशाची कोणतीही मोठी घटना आढळत नाही. तेल जुन्या भावावर परतले नव्हते. १९७४ चा पावसाळाही अपुरा होता आणि त्या वर्षीचे धान्योत्पादन आधीच्या वर्षाहून सुमारे ५ टक्क्यांनी कमी भरले. १२१ दशलक्ष टनांचे विक्रमी पीक आले ते त्यानंतरच्या कृषिवर्षात, म्हणजे निर्देशांक वळल्यानंतर एक वर्षाने. धान्य कमी आणि तेल महाग असतानाही किमती वळल्या. बदलले होते ते पैसा, पतपुरवठा आणि त्यांच्यामुळे साठेदारांची माल धरून ठेवण्याची क्षमता. यावरून भाववाढीचा आरंभ पुरवठ्याच्या धक्क्याने झाला असला, तरी ती टिकली आणि फोफावली ती मागणीच्या आधाराने, असा निष्कर्ष निघतो.

कालक्रमाची कसोटी येथे आणखी एका प्रचलित समजुतीचे निराकरण करते. आणीबाणीमुळे महागाई आटोक्यात आली, असे आजही म्हटले जाते. आणीबाणी जाहीर झाली ती २५ जून १९७५ रोजी. निर्देशांक त्याच्या सुमारे नऊ महिने आधी वळला होता. आणीबाणीच्या पहिल्या वर्षात किमती स्थिर राहिल्या हे खरे, पण त्या वर्षाला उत्तम पावसाचे आणि विक्रमी पिकाचे पाठबळ होते.

निदानाच्या मर्यादा

या निष्कर्षावर दोन आक्षेप संभवतात आणि त्यांची दखल घेणे आवश्यक आहे. पहिला असा की, पैशाची वाढ हे नेहमीच कारण नसते, ती परिणामही असू शकते. खर्च वाढला की कारखान्यांना अधिक खेळते भांडवल लागते, बँका कर्जे वाढवितात आणि पैसा वाढतो. त्यामुळे भाववाढीबरोबर पैसा वाढला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. १९७४ च्या उताराचे महत्त्व यासाठीच अधिक आहे. तेथे पैशावरील निर्बंध शासनाने ठरवून लादले होते आणि किमती त्यानंतर वळल्या.

दुसरा आक्षेप असा की, त्याच सुमारास धान्याची आयात चालू होती आणि सप्टेंबर १९७४ पासून तस्करांविरुद्ध कारवाईही सुरू झाली होती. या गोष्टींचा परिणाम पतनियंत्रणाच्या परिणामापासून पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. म्हणून वरील निष्कर्ष प्रबळ शक्यतेच्या स्वरूपाचा आहे.

आणखी एक मर्यादा नैतिक स्वरूपाची आहे. मागणी आवळून भाववाढ थांबली, याचा अर्थ दोष मागणी करणाऱ्यांचा होता असा होत नाही. १९७४ मध्ये ज्यांचा भत्ता गोठला, त्या कामगारांनी दुष्काळ आणला नव्हता आणि युद्धखर्चाचा निर्णयही घेतला नव्हता. पुरवठ्याच्या धक्क्याने देश गरीब झालेला असताना ती गरिबी कोणी सोसायची, हा प्रश्न भाववाढीच्या आड लपलेला असतो. उपायाची परिणामकारकता आणि त्याची न्याय्यता या दोन वेगळ्या बाबी आहेत.

समारोप

१९७२-७५ च्या भाववाढीचे नाव एका शब्दात सांगता येत नाही, कारण तो एक प्रश्न नसून दोन आहेत. ती का सुरू झाली, या प्रश्नाचे उत्तर पुरवठ्याच्या बाजूला, मुख्यतः १९७२ च्या दुष्काळात आहे. ती अडीच वर्षे का टिकली, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मागणीच्या बाजूला आहे. तेलाने मधल्या टप्प्यावर भर घातली, आरंभ केला नाही. वर्गात हे प्रकरण शिकविताना वरील तक्ता विद्यार्थ्यांसमोर ठेवावा, प्रत्येक वर्षातील घटना महिन्यांनिशी त्याच्या कडेला लिहून घ्याव्यात आणि १९७३-७४ ची ओळ कृषिवर्षाशी जुळवून पुन्हा वाचायला सांगावी. सांगितलेले प्रत्येक कारण निर्देशांकाच्या चढणीआधी आले की नंतर, आणि उताराच्या वेळी ते हजर होते की गेलेले होते, एवढे दोन प्रश्न प्रत्येक नोंदीपुढे विचारले, तरी व्याख्येपासून निदानापर्यंतचे अंतर बरेच कमी होईल.